प्रति संपादक, पण मजकूर अर्जाचा

प्रश्न: मुलगी यंदा दहावीला, मराठी माध्यम. सराव परीक्षेत 'परीक्षेच्या काळात ध्वनिक्षेपकांचा त्रास होतो, वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहा' असा प्रश्न होता. दिनांक, विषय, पत्ता सगळं जागच्या जागी, शुद्धलेखनही बरं. तरी 6 पैकी 2. बाईंनी समासात फक्त 'हे संपादकांना का?' एवढंच लिहिलंय. काय चुकलं असेल?

उत्तर: तो शेरा वाचला आणि माझ्या मुलाची उत्तरपत्रिका डोळ्यांपुढे आली. त्यालाही 2च मिळाले होते, आणि चूक त्याची कमी, माझी जास्त होती.

त्या वर्षी आमच्या घरामागच्या लॉनवर फेब्रुवारीपासून लग्नं सुरू झाली. लग्नाचं एक वेळ ठीक, पण आदल्या दिवशीच्या हळदीला डीजे. संध्याकाळी सातला सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मी एका कार्यालयात लेखी अर्ज दिला. तिथले म्हणाले, परवानगी आम्ही देत नाही, पलीकडे जा. पलीकडचे म्हणाले, परवानगी आमची, पण आवाजाचं आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या खेपेला पहिल्याच टेबलावर मला विचारलं, "आधीच्या अर्जाची पोच आणलीत का?" पोच त्यांनीच दिली नव्हती. असो, हे लिहायला बसले तर रात्र सरेल.

मुद्दा असा की त्या अर्जाचा कच्चा मसुदा टेबलावर पडून होता. भाषा चांगली आहे म्हणून मीच पोराला म्हटलं, हेच पाठ कर. सराव परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. त्याने वर 'प्रति, मा. संपादक' घातलं आणि खाली सगळा अर्ज उतरवला: "तरी मे. साहेबांनी जागेची पाहणी करून संबंधितांवर कारवाई करावी. सोबत मागील अर्जाची प्रत जोडली आहे." संपादक कशाला लॉनवर पाहणीला येतील?

तुमच्या मुलीचं पत्र मी पाहिलेलं नाही, पण शेऱ्यावरून तेच वाटतं. आराखडा बहुतेक मुलं बरोबर लिहितात, गुण जातात ते पत्र कोणाशी बोलतंय इथे. संपादक काही बंद करू शकत नाहीत, ते फक्त छापू शकतात. म्हणून त्यांच्याकडे मागणं छापण्याचं करायचं, आणि कारवाईची मागणी 'आपल्या दैनिकामार्फत' संबंधितांकडे करायची. शिवाय पत्र छापून आलं की ते शेजारचे लोक आणि डीजे लावणारेही वाचणार, त्यामुळे एखादं वाक्य त्यांच्यासाठीही हवं. अर्जात त्याची गरज नसते.

आम्ही नंतर बसून नव्याने लिहिलं ते साधारण असं होतं. सगळं डाव्या समासाला धरून:

दिनांक: 20 फेब्रुवारी
प्रति,
मा. संपादक,
दैनिक अ. ब. क.
विषय: परीक्षेच्या काळातील ध्वनिक्षेपकांच्या त्रासाबाबत पत्र प्रसिद्ध करण्याविषयी

महोदय,
आमच्या परिसरातील एका गंभीर अडचणीकडे आपल्या दैनिकामार्फत संबंधित अधिकाऱ्यांचे व नागरिकांचे लक्ष वेधू इच्छितो.

सध्या दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस आहेत. आमच्या वसाहतीजवळील मैदानावर आठवड्यातून तीन-चार दिवस सायंकाळी सात वाजल्यापासून मोठ्या आवाजात ध्वनिक्षेपक लावले जातात. दारे-खिडक्या बंद करूनही वाचलेले लक्षात राहत नाही. आजारी व वृद्ध व्यक्तींनाही याचा त्रास होतो.

रात्री दहानंतर आवाज बंद होतो, परंतु आमच्या अभ्यासाची वेळ त्याआधीचीच आहे. म्हणून परवानगी देताना परीक्षा संपेपर्यंत आवाजाची मर्यादा काटेकोरपणे पाळण्याची अट घालावी, अशी संबंधित अधिकाऱ्यांना विनंती आहे. कार्यक्रम करणाऱ्यांनीही या काही दिवसांपुरता आवाज मैदानाबाहेर जाऊ देऊ नये.

हे पत्र आपल्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात प्रसिद्ध करावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
(प्रश्नात दिलेले नाव, त्याखाली पत्ता आणि ई-मेल)

यातला दहाचा मुद्दा बघा. नव्वद टक्के मुलं 'रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावेत' असं लिहून मोकळी होतात. (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.) पण ते तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आधीच आहे: रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही, फक्त सणासमारंभांसाठी वर्षातले ठरावीक दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. जे आधीच बंद आहे ते बंद करा म्हणून काय उपयोग? खरा त्रास सात ते दहाचा. त्या वेळेत लावायलाही लेखी परवानगी लागते आणि आवाजाला मर्यादा असते. निवासी भागात दिवसाची पातळी 55 डेसिबल धरली आहे आणि ध्वनिक्षेपकाने सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्यात फार तर 10ची भर घालावी, म्हणजे 65. आमच्या खिडकीत नियम कुठे आणि डीजे कुठे, ते काचाच सांगत होत्या. हे आकडे पत्रात घालू नका मात्र. भाषेच्या पेपरात ते रटल्यासारखे दिसतात आणि एखादा चुकला तर उगाच लाल रेघ. तुम्हाला प्रत्यक्षात अर्ज करायचा असेल तर मात्र तेच कामाला येतात.

दुसरं, कोणत्याही सणाचं, जयंतीचं किंवा प्रार्थनास्थळाचं नाव पत्रात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. काहींना हे भित्रेपणाचं वाटेल. पण तपासणारे कोण, कुठले, आपल्याला ठाऊक नसतं, आणि पत्राचा विषय आवाज हा आहे. 'लग्नसमारंभ व विविध कार्यक्रम' एवढं पुरतं. 'निर्लज्ज', 'बेजबाबदार' असले शब्दही नकोत. माझ्या पहिल्या मसुद्यात दोन्ही होते!

पत्ता उजवीकडे की डावीकडे यावर मी बोलत नाही. जुन्या मार्गदर्शकांत लिहिणाऱ्याचा पत्ता वर उजवीकडे असतो, आताच्या पाठ्यपुस्तकी नमुन्यात तो खाली डावीकडे गेलाय. मी शिक्षिका नाही, तेव्हा मांडणीबाबत शाळेतल्या बाई सांगतील तेच धरा. तिथे इंटरनेटवरच्या कोणाचं, माझंसुद्धा, ऐकू नका. एक मात्र नक्की, मुलीने स्वतःचं खरं नाव किंवा शाळेचं नाव लिहू नये, प्रश्नात दिलेलंच घ्यावं.

आम्ही घरी एक खेळ करायचो. पत्राचा 'प्रति'पासून 'विषय'पर्यंतचा भाग हाताने झाकायचा आणि उरलेला मजकूर आजीला वाचून दाखवायचा. हे कोणाला लिहिलंय ते आजीने ओळखायचं. पहिल्या वेळी ती म्हणाली, "पोलिसांना." दुसऱ्या वेळी, "हे तर कोणालाही चालेल." तिसऱ्यांदा तिने 'पेपरवाल्यांना' म्हटलं, तेव्हा आम्ही वही मिटली. मुलीचं पत्र टाइप करून इथे टाकलंत तर मी वाचून सांगते. शनिवारपर्यंत मात्र थांबा, लॉनवर शुक्रवारी पुन्हा हळद आहे.