फुगीर टोकांच्या टँकरचे घनफळ

उदगीरला आमच्या केंद्रावर येणाऱ्या दुधाच्या टँकरची टोके फुगीर आहेत, लिटर कसे काढायचे?

अर्धलंबगोलाकार टोकात तेवढ्याच खोलीच्या सरळ नळकांड्याच्या दोन तृतीयांश दूध मावते, म्हणून दोन्ही टोके धरून सूत्र असे होते:

V = πr²(L + 4h/3)

येथे r आतली त्रिज्या, L दोन्हीकडे वाक सुरू होतो तिथपर्यंतची सरळ लांबी आणि h एका टोकाची खोली. त्रिज्या ०.९ मीटर, सरळ लांबी ४ मीटर आणि खोली ०.४५ मीटर असेल, तर घनफळ ११.७ घनमीटर, म्हणजे सुमारे ११,७०० लिटर येते. सगळी ४.९ मीटर लांबी नळकांड्याची समजल्यास कागदावर साधारण ७६० लिटर उगाच वाढतात; ही चूक फार होते. टँकरला उष्णतारोधक आवरण असल्याने मापे आतूनच घ्यावीत. टोक मध्ये चपटे आणि कडेला एकदम वळलेले असेल, तर हे सूत्र अंदाजापुरतेच चालते.