‘पाच वर्षांपासून बीपी’ हे कोणी सांगितलं?

प्रिय डॉक्टर,

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितो. वारलेल्या पेशंटच्या पत्नीने विम्याच्या क्लेमसाठी एलआयसीचा ३८१६ नंबरचा फॉर्म आणलाय, म्हणजे हॉस्पिटलातल्या उपचारांचा दाखला. कॅज्युअल्टीच्या कागदावर ‘बीपी, पाच वर्षे’ असं लिहिलंय आणि ‘तेवढं वगळा’ असं एजंटाने तिला सांगून पाठवलंय. वगळायचं नाही. पण नुसतं उतरवूनही काढायचं नाही.

त्या एका ओळीत एवढं काय आहे ते आधी बघ. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला ती कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. त्याआधी मृत्यू झाला, तर प्रस्ताव भरताना आजार लपवला होता का, हे कंपनी शोधते. म्हणून फॉर्ममध्ये सगळ्यात वजनाचा प्रश्न ‘आजार कधीपासून’ हा. पॉलिसी कधीची आहे ते तू विचारूच नकोस. कळलं की हात आपोआप कुठल्यातरी बाजूला झुकतो.

आता तुझी केस. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस रात्री छातीत दुखतंय म्हणून आला, ईसीजीत मोठा हार्ट अटॅक दिसला आणि चार तासांत गेला. हिस्टरी दिली मेहुण्याने, कारण पेशंट बोलण्याच्या स्थितीत नव्हता. नंतर घरून आलेल्या फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर बीपीची गोळी गेल्या ऑगस्टमध्ये ‘नवीन सुरू’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे तुझ्यासमोर दोन तारखा आहेत आणि दोन्ही कागदावर आहेत.

मग दोन्ही लिही, प्रत्येकीसमोर ती कुठून आली ते लिही: ‘दाखल होताना मेहुण्यांनी सांगितल्याप्रमाणे सुमारे पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब. त्यास पुष्टी देणारा जुना कागद पाहण्यात आला नाही. उपलब्ध चिठ्ठीनुसार औषध गेल्या ऑगस्टमध्ये सुरू. या रुग्णालयात प्रथम तपासणी दाखल झाल्याच्या दिवशीच.’ चिठ्ठीवरची पूर्ण तारीख टाक. हिस्टरी पेशंटने स्वतः दिली की दुसऱ्या कोणी, हे तो फॉर्म स्वतंत्रपणे विचारतो. गडबडीत तो रकाना कोरा ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत.

मीही त्यातलाच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका फॉर्मवर ‘पाच वर्षांपासून बीपी’ एवढंच ठोकून दिलं होतं. क्लेम नाकारला गेला, बाई ग्राहक मंचात गेल्या आणि मला साक्षीला बोलावणं आलं. वकिलाने एकच प्रश्न विचारला: हे तुम्हाला कोणी सांगितलं? केसपेपर चाळत मी तिथे बराच वेळ उभा होतो.

ईसीजीत डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा आहेत, तर ‘बीपी बरंच जुनं असावं’ असं लिहू का, असं तू विचारलंस. वैद्यक म्हणून तुझा अंदाज बरोबर असेलही. पण त्या खुणेवरून किती वर्षं ते ठरत नाही आणि फॉर्मने तुझा अंदाज मागितलेला नाही. ईसीजीचा निष्कर्ष विचारलाय तिथे तो लिही, वर्षं त्यातून काढू नकोस. तसंच मृत्यूच्या कारणात ‘हृदय व श्वसन बंद’ लिहू नकोस. ते तर प्रत्येकाचंच बंद होतं. कारण हार्ट अटॅक आहे.

वडील हार्टनेच गेले, पेशंट महिन्यातून एकदा मित्रांबरोबर घ्यायचा, हेही तुझ्या नोंदीत आहे म्हणालीस. सवयींचा प्रश्न असेल, तर दारूचं उत्तर ‘कोणी सांगितलं’ यासह दे. वडिलांबद्दल विचारलं नसेल, तर ते तुझ्या फाइलीतच राहू दे. आणि फॉर्मसोबत अख्खी इनडोअर फाइल जोडून मोकळं व्हायची सवय लावून घेऊ नकोस. कागद हवे असतील तर कंपनी लेखी मागेल, आणि तेव्हा वारसाचं संमतीपत्र आहे का ते बघ. तपासनीस फोनवर गोड बोलून विचारतात, त्यांना ‘लेखी द्या’ एवढंच म्हण.

पत्नीला बसवून सांग: मूळ नोंद खोडता येत नाही. मेहुण्याला आता वाटत असेल की तो आकडा अंदाजाने सांगितला होता, तर त्याने तसं लिहून द्यावं. तू ते आजच्या तारखेने, वेगळी नोंद म्हणून, फाइलीला लाव. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी तिने क्लेमसोबत स्वतः जोडावी. तिला खरा आधार त्या चिठ्ठीचाच आहे, एजंट काहीही म्हणो.

सही करण्याआधी फॉर्म आणि केसपेपर शेजारी ठेवून तारखा एकदा ताडून बघ. झेरॉक्स काढून फाइलीत ठेव. मंचाचं, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाचं, बोलावणं दोन-तीन वर्षांनी येतं, तोवर तू कदाचित दुसऱ्याच गावात असशील.

तुझा,
जुना सर