टीमचा आकडा पक्का झाल्याशिवाय हॅकेथॉनचं पोस्टर करू नका

प्रश्न: आमच्या कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांसाठी 24 तासांची हॅकेथॉन घ्यायची आहे. घोषणेत टीम किती जणांची, थीम, बक्षिसं, वेळापत्रक आणि नोंदणी हे सगळं कसं लिहायचं? काही नमुना मिळेल का?

उत्तर:

नमुना खाली देतो. पण आधी टीमच्या ओळीबद्दल बोलतो, कारण बाकीची घोषणा त्या एका ओळीवर उभी असते आणि नेमकी तीच ओळ लोक सगळ्यात निष्काळजीपणे लिहितात. ‘टीम: 2 ते 6 जण’ असं पोस्टरवर दिसलं की मला आजही राग येतो.

कॉलेजात असताना आमच्या हॅकेथॉनच्या नोंदणीचं काम माझ्याकडे होतं. घोषणेचा कच्चा मसुदा मी लिहिला होता आणि त्यात टीम 3 किंवा 4 जणांची ठेवली होती. समन्वयक सरांनी तिथे ‘2 ते 6’ केलं. ‘मुलांना मोकळीक दिली की नोंदणी वाढते,’ हे त्यांचं म्हणणं. सभागृहात बसायला जागा होती 160 जणांची. मी तेव्हाच म्हटलं होतं की या मोकळीकीत टीम किती होतील ते कुणालाच सांगता येणार नाही. सगळ्या सहा-सहाच्या झाल्या तर 27 टीम, सगळ्या दोन-दोनच्या झाल्या तर 80. आणि परीक्षक तर तीन-चार आठवडे आधी बोलवावे लागतात. 27 टीमसाठी बोलवायचे की 80 साठी? यावर उत्तर आलं, ‘ते नंतर बघू.’

नोंदणी वाढली, हे खरं. जागा भरल्या आणि टीम झाल्या 58. परीक्षकांच्या जोड्या होत्या दोन. पोस्टरवर लिहिलं होतं ‘सादरीकरण 11 ते 1’. आता हिशोब करा. प्रत्येक टीमला पाच मिनिटं डेमो, तीन मिनिटं प्रश्न आणि दोन मिनिटं लॅपटॉप जोडायला-काढायला, म्हणजे दहा मिनिटं. एका जोडीकडे 29 टीम, म्हणजे 290 मिनिटं, जवळजवळ पाच तास. आणि वेळ ठेवलेला दोन तासांचा. एक वाजला तेव्हा निम्म्याहून जास्त टीम बाकी होत्या. परीक्षकांनी एकपर्यंतचाच वेळ दिला होता, त्यातले दोघं निघून गेले. त्यांचा काहीच दोष नाही, घोषणेत छापलेली वेळ त्यांनी पाळली. उरलेल्या टीमना ‘दोन मिनिटांत आवरा’ असं सांगितलं गेलं.

त्या उरलेल्यांत पहिल्या वर्षाच्या तीन मुली होत्या. त्यांनी वाचनालयातली कुठली खुर्ची रिकामी आहे ते दाखवणारी व्यवस्था केली होती, खुर्चीखाली सेन्सर लावून. सेन्सर वायफायला जोडून चालू व्हायलाच मिनिट-दीड मिनिट लागायचं. रात्री मी ती चालताना पाहिली होती. परीक्षकांनी पाहिली ती फक्त पहिली स्लाइड. गुणतक्त्यात ‘चालतं उत्पादन’ या रकान्यात त्यांना शून्य मिळालं. निकालानंतर त्या माझ्याकडे विचारायला आल्या, कारण नोंदणीच्या मेलवर माझं नाव होतं.

सरांचं पुढे कायम हेच म्हणणं राहिलं की परीक्षक कमी पडले, टीमच्या आकड्याचा काही संबंध नाही. संबंध सरळ आहे. 160 जणांत टीम 3 किंवा 4 ची ठेवली तर टीम होतात कमीत कमी 40 आणि जास्तीत जास्त 53. या फरकासाठी तयारी करता येते. 27 ते 80 साठी कुणालाच करता येत नाही. म्हणून घोषणा लिहिताना जागांच्या आकड्याला एका टीममध्ये कमीत कमी जितके जण चालतील त्या आकड्याने भागा आणि जो आकडा येईल तेवढ्या टीम येणार असं धरूनच परीक्षक आणि वेळ ठरवा. तुमच्या जागा वेगळ्या असतील, भागाकार हाच.

वरची मर्यादा 4 ठेवायचं कारण वेगळं आहे. 24 तासांत एका छोट्या प्रकल्पात सहा जणांना पुरेल एवढं वेगवेगळं काम निघत नाही. दोघं कोड लिहितात, एक जण स्क्रीन आणि स्लाइड बघतो, एखादा हार्डवेअर किंवा डेटा. पाचवा आणि सहावा मध्यरात्रीनंतर नुसते बसलेले असतात, आणि बक्षीस मिळालं की वाटणीवरून पहिलं भांडण त्यांच्यावरूनच होतं.

आता वेळापत्रक. ते निकालापासून मागे मोजत लिहा. 53 टीम, परीक्षकांच्या चार जोड्या. एका जोडीकडे जास्तीत जास्त 14 टीम, म्हणजे 140 मिनिटं. पण चार जोड्यांचा हात सारखा नसतो, एखादी जोडी सढळ गुण देते, एखादी कंजूष. वेगवेगळ्या जोड्यांचे गुण एका यादीत घालून पहिला नंबर काढणं हा अन्याय आहे. म्हणून प्रत्येक जोडीने आपल्यातल्या दोन टीम निवडायच्या आणि त्या आठ टीमनी सगळ्या परीक्षकांसमोर पुन्हा सादर करायचं. आठ गुणिले दहा, आणखी 80 मिनिटं. निकाल साडेतीनला हवा असेल तर अंतिम फेरी दीडला सुरू, त्याआधी जेवण, त्याआधी पहिली फेरी साडेदहा ते 12:50, आणि काम थांबवायची वेळ सकाळी दहा. म्हणजे सुरुवात आदल्या दिवशी सकाळी दहालाच करावी लागते. उद्घाटनाची भाषणं त्याच्या आधी उरका, ती त्या 24 तासांत मोजू नका.

थीमबद्दल थोडक्यात. ‘आरोग्य’, ‘शिक्षण’, ‘पर्यावरण’ ही थीम म्हणजे विषयांची नावं झाली. त्याखाली कुठलाही जुना प्रकल्प बसतो आणि मुलं मागच्या सेमिस्टरचंच काम घेऊन येतात. ‘दवाखान्यात रुग्णाला किती वेळ थांबावं लागेल ते आधी कळावं’ अशी एका वाक्यात अडचण लिहा. थीम घोषणेत द्या, नेमकी प्रश्नपत्रिका सुरुवातीच्या क्षणी उघडा, आणि ‘आधी लिहिलेला कोड चालणार नाही, खुल्या लायब्ररी चालतील’ हे वाक्य टाकाच. गुण कशाला किती, तेही घोषणेतच हवं. ते नंतर सांगितलं की हरलेल्यांना ते विजेत्यांकडे बघून ठरवल्यासारखं वाटतं.

मागितलेला नमुना हा. तारखा, जागा, दुवे तुमचे घाला:

‘24 तासांची विद्यार्थी हॅकेथॉन. थीम: दवाखान्यात रुग्णाला किती वेळ थांबावं लागेल ते आधी कळावं. टीम 3 किंवा 4 जणांची, एका विद्यार्थ्याला एकाच टीममध्ये भाग घेता येईल. टीम नसेल तर फॉर्ममध्ये “टीम हवी” निवडा, आम्ही जुळवून देऊ. जागा 160. नोंदणी अमुक तारखेला रात्री 11:59 ला बंद. सुरुवात शनिवारी सकाळी 10, काम थांबवणं रविवारी सकाळी 10, पहिली फेरी 10:30 ते 12:50, अंतिम फेरी 1:30 ते 2:50, निकाल 3:30. 100 गुण: चालतं उत्पादन 40, अडचणीची समज 30, कल्पना 20, सादरीकरण 10. बक्षिसं तीन, टीमला एकत्र. रक्कम सर्व सदस्यांच्या खात्यात समान वाटून, निकालानंतर 30 दिवसांत. केलेल्या कामाची मालकी टीमचीच राहील.’

त्यात ‘रात्री 11:59’ मुद्दाम लिहिलं आहे. ‘12 तारखेला रात्री 12 वाजेपर्यंत’ असं लिहिलं की निम्मे लोक 11 ची रात्र संपते ते 12 धरतात आणि निम्मे 12 ची संपते ते. ‘समान वाटून’ हेही असंच मुद्दाम. रक्कम एका लीडरच्या खात्यात टाकली की पुढे काय झालं हे आयोजकांना कधी कळत नाही आणि तक्रार मात्र आयोजकांकडेच येते.

नोंदणीचा एक फॉर्म पूर्ण टीमसाठी ठेवू नका. लीडर चौघांची माहिती भरतो, दोघांचे मेल चुकीचे लिहितो, आणि एकाला तर आपलं नाव टाकलंय हेच माहीत नसतं. लीडरने आधी टीम नोंदवावी, त्याला टीम कोड मिळावा, आणि प्रत्येक सदस्याने तो कोड घालून आपला फॉर्म स्वतः भरावा. तीन फॉर्म आल्याशिवाय टीम पक्की धरायची नाही. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी प्रत्येकाला ‘येणार आहात का’ असा मेल जावा, उत्तर न देणाऱ्यांच्या जागा प्रतीक्षा यादीला द्याव्यात, आणि हा नियम फॉर्मच्या वरच छापावा. फुकटच्या कार्यक्रमाला नाव देऊन न येणारे नेहमीच असतात. आणि त्या मेलनंतर टीम बदलायला परवानगी नाही. ऐनवेळी एक जण गळला तर उरलेल्या दोघांना खेळू द्या, त्याने टीमची संख्या वाढत नाही.

सरांचा एक मुद्दा मला मान्य आहे: एकट्यादुकट्या मुलांवर 3 ची अट अन्याय करू शकते. पण त्याला उपाय ‘टीम हवी’ हा पर्याय आणि सुरुवातीच्या आदल्या संध्याकाळी तासभराची ओळख-बैठक, किमान संख्या 2 वर आणणं नव्हे. दोघांच्या टीम हव्याच असतील तर परीक्षकांच्या सहा जोड्या आणा: 160 जणांत 80 टीम, एका जोडीकडे 14, तेवढाच वेळ. अंतिम फेरीत मग बारा टीम येतील, तिला 40 मिनिटं जास्त लागतील. हे सगळं जमत असेल तर मला काहीच हरकत नाही. त्या वेळी सरांना मी हेच विचारलं होतं, की आणखी परीक्षक कुठून आणणार.

हे सगळं प्रत्यक्ष एकत्र बसून होणाऱ्या कार्यक्रमाला धरून आहे. ऑनलाइन घेणार असाल तर जागांची मर्यादा नसते, म्हणून टीमच्या संख्येवरच मर्यादा छापा आणि पहिली फेरी दोन मिनिटांच्या व्हिडिओवर करा. तीसचाळीस मुलांचीच हॅकेथॉन असेल तर दोन फेऱ्यांची गरज नाही, एकच परीक्षक मंडळ सगळ्यांना बघू शकतं. आणि शाळेतली मुलं येणार असतील तर रात्रभर थांबण्यासाठी पालकांचं संमतीपत्र नोंदणीच्या वेळीच घ्या, दारात नको.