चार दिवसांच्या आठवड्याची चाचणी टीमसमोर कशी मांडावी?

प्रश्न: पुढच्या महिन्यापासून आमच्या सपोर्ट टीममध्ये तीन महिने चार दिवसांचा आठवडा करून बघणार आहोत. मी मॅनेजर आहे. सोमवारी दहा जणांसमोर बोलायचंय. वेळा, सुट्टीच्या दिवशी काम कोण सांभाळणार आणि शेवटी निकाल कसा लावायचा, हे कसं सांगू?

उत्तर:

तास कमी होणार आहेत की फक्त दिवस, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका. ‘चार दिवसांचा आठवडा’ म्हटलं की काही जण ३२ तास धरतात आणि काही जण दहा-दहा तासांचे चार दिवस. हा घोळ पहिल्याच मिनिटाला मिटला नाही, तर पुढचं कोणी नीट ऐकत नाही. तुमच्याकडे दुसरा प्रकार असेल, तर बोलण्याआधी एचआरकडून दिवसाच्या कमाल तासांची मर्यादा तपासून घ्या. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये ती मुळात ९ तास होती, नंतर तिच्यात बदल झाले. तुमच्या ऑफिसला आज कोणती लागू आहे ते लेखी हातात असू द्या.

मी पहिला प्रकार धरतो, कारण माझ्या टीममध्ये मी तोच चालवलाय. सुरुवात अशी करता येईल:

“पुढच्या महिन्यापासून बारा आठवडे आपण पाचाऐवजी चार दिवस काम करणार आहोत. दिवस आठ तासांचाच, साडेनऊ ते सहा, मध्ये अर्धा तास जेवण. म्हणजे आठवड्याला ४० ऐवजी ३२ तास. पगार, पीएफ, रजा यांत एक रुपयाचा किंवा एका दिवसाचा फरक पडणार नाही. ज्या आठवड्यात सणाची सुट्टी येईल, त्या आठवड्यात तीच तुमची जास्तीची सुट्टी धरली जाईल.”

शेवटचं वाक्य गाळू नका. ते आधी सांगितलं तर सगळे मान्य करतात, सणाच्या आदल्या दिवशी सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं.

यानंतर आठ तास कुठून येणार हे मोकळेपणाने बोला. ‘मीटिंगा कमी करू’ एवढ्यावर भागवलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. हिशोब करून बघा. रोजची अर्ध्या तासाची मीटिंग पाच दिवसांऐवजी चार दिवस आणि पंधरा मिनिटांवर आणली, तर आठवड्याला दीड तास वाचतो. सोमवारची तासाभराची आढावा मीटिंग आणि कोणी न वाचणारा साप्ताहिक रिपोर्ट बंद केला, तर आणखी दोन तास. झाले साडेतीन. उरलेल्या साडेचार तासांबद्दल असं सांगा:

“उरलेले साडेचार तास आपल्याला कामातूनच काढायचे आहेत. तेच तेच प्रश्न येतात, त्यांची तयार उत्तरं पहिल्या दोन आठवड्यांत लिहून काढू. एवढं करूनही जे बसणार नाही, त्याची यादी माझ्याकडे द्या. त्यातलं काय सोडायचं ते मी ठरवीन आणि वरच्यांना मी सांगेन. घरी बसून रात्री काम संपवायचं, हा उपाय नाही.”

मला विचाराल तर हा भाषणाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. काम तेवढंच ठेवून दिवस काढून घेतला, तर माणसं लपूनछपून पाचव्या दिवशी लॅपटॉप उघडतात आणि चाचणीचा निकाल खोटा चांगला दिसतो.

सुट्टीचा दिवस सगळ्यांना शुक्रवार देऊ नका. ग्राहक पाच दिवस लिहिणार, फोन करणार. सोमवारही नको, शनिवार-रविवारची तुंबलेली तिकिटं त्याच दिवशी येतात. दहा जणांचे दोन गट करा, एकाला बुधवार, दुसऱ्याला शुक्रवार. मग त्या दोन दिवशी पाच जण असतात आणि बाकी तीन दिवस दहाही. समजा, कमीत कमी चार जणांशिवाय दिवस निघत नाही. मग बुधवारी आणि शुक्रवारी ठरवून घेतलेली रजा एका वेळी एकालाच मिळेल, हा नियम त्याच भाषणात सांगा. शुक्रवार सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून सहा आठवड्यांनी गटांची अदलाबदल.

“प्रत्येकाला दुसऱ्या गटातला एक जोडीदार असेल. सुट्टीच्या आदल्या दिवशी पाच वाजेपर्यंत तुमची उघडी तिकिटं त्याच्यासाठी लिहून ठेवायची: ग्राहकाला काय सांगितलंय, पुढे काय करायचंय, कोणाच्या उत्तराची वाट बघतोय. सुट्टीच्या दिवशी फोन फक्त सर्व्हर पडला तरच येईल, आणि तो मीच करीन. अर्धा दिवस गेला, तर पंधरवड्याच्या आत अर्धा दिवस परत.”

परीक्षणाचे निकष चाचणी सुरू होण्याआधी जाहीर करा. नंतर ठरवलेले निकष कोणाला तरी सोयीचेच निघतात. आधीच्या चार आठवड्यांचे आकडे काढून ठेवा: पहिल्या उत्तराला लागणारा वेळ, शुक्रवारी संध्याकाळी उरलेली तिकिटं, ग्राहकांचं रेटिंग. सोबत सुट्टीच्या दिवशी किती लॉगिन झाले तेही बघा, पण पूर्ण टीमचा एकत्र आकडा, नावानिशी नाही. पहिले दोन आठवडे हिशोबात धरू नका. तेव्हा उत्साह असतो आणि गोंधळही. दिवाळी किंवा मार्चअखेर मध्ये येत असेल, तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करा.

“आज पहिलं उत्तर सरासरी चार तासांत जातं. सलग दोन आठवडे ते पाच तासांवर गेलं, तर आधी आपण गट आणि वेळा बदलू. पुढच्या दोन आठवड्यांत सुधारलं नाही, तर चाचणी थांबवू. सहाव्या आठवड्यात मधला आढावा, बाराव्यात शेवटचा. निर्णय विभागप्रमुख घेतील, तुमचे दोन प्रतिनिधी त्या बैठकीत बसतील. निर्णय लेखी येईपर्यंत चार दिवसच चालू राहतील.”

शेवटच्या वाक्याची परवानगी आधी काढून ठेवा. ती मिळाली नाही, तर उलटं सांगा, म्हणजे तेराव्या आठवड्यापासून पाच दिवस. पण दोन्हीपैकी एक सांगाच.

परदेशातले दाखले द्यायचे असतील तर जपून द्या. ब्रिटनमध्ये जून ते डिसेंबर २०२२ मध्ये ६१ कंपन्या आणि सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांनी हे करून पाहिलं, त्यातल्या ५६ कंपन्यांनी पुढे चालू ठेवलं. आकडा मोठा आहे, पण त्या कंपन्या स्वतःहून सामील झाल्या होत्या, मुळातच तयार होत्या. ‘तिथे जमलं म्हणून इथेही जमेल’ असं त्यातून निघत नाही. एका वाक्यात उल्लेख करून पुढे जा.

आणि एक गोष्ट भाषणाआधीच मिटवा. टीममध्ये कोणी आधीपासूनच चार दिवस काम करत असेल, समजा बाळंतपणानंतर परतलेली कोणी, आणि तिला त्याबद्दल ८० टक्के पगार मिळत असेल, तर चाचणी सुरू झाली की तिच्याइतकंच काम करणाऱ्या बाकीच्यांना पूर्ण पगार मिळणार. तिला हे सगळ्यांसमोर कळता कामा नये. चाचणीच्या काळापुरता तिला पूर्ण पगार द्यायचा, की त्याच प्रमाणात तिचे तास कमी करायचे (३२ च्या ८० टक्के म्हणजे साधारण साडेपंचवीस), हे एचआरशी बोलून ठरवा आणि सोमवारच्या आधी तिच्याशी एकटीशी बोला.