संधी, समास, अलंकाराच्या कार्यपत्रिकेत ‘योग्य उदाहरण’ कसे निवडावे?

प्रश्न: मराठीच्या कार्यपत्रिकेत संधी, समास आणि अलंकार यांची योग्य उदाहरणे लिहायची आहेत. पण एकच शब्द संधीतही दिसतो आणि समासातही. तो नेमका कुठे लिहू? आणि अलंकाराची उदाहरणे स्वतः तयार केलेली चालतील का?

उत्तर:

दोन्हीकडे लिहिता येतो. फक्त फोड वेगळी करावी लागते. मी मराठी व्याकरण शिकवतो आणि अशा कार्यपत्रिका तपासतो, त्यामुळे खात्रीने सांगतो, बहुतेक गुण चुकीच्या शब्दामुळे जात नाहीत, संधीच्या रकान्यात समासाचा विग्रह लिहिल्यामुळे जातात.

संधी हा आवाजाचा व्यवहार आहे आणि समास हा अर्थाचा. ‘ज्ञानामृत’ हा शब्द घ्या. संधीच्या रकान्यात लिहायचे ‘ज्ञान + अमृत’, आणि शेजारी ‘अ + अ = आ, स्वरसंधी’. इथे ज्ञान म्हणजे काय, अमृत म्हणजे काय याचा काही संबंध नाही. दोन अ शेजारी आले आणि त्यांचा आ झाला, एवढेच. समासाच्या रकान्यात हाच शब्द लिहिला तर अधिकचे चिन्ह वापरायचे नाही. तिथे दोन पदांचे नाते सांगायचे असते: ‘ज्ञान हेच अमृत’, म्हणजे कर्मधारय. आता हा शब्द वाक्यात घाला: ‘गुरूंनी शिष्यांना ज्ञानामृत पाजले.’ ज्ञान आणि अमृत एकच मानले आहेत, म्हणून रूपक अलंकार. एकाच शब्दावर तिन्ही प्रश्न सुटतात, पण तिन्हींची उत्तरे निराळी आहेत.

दोन्ही गोष्टी एकत्र असल्याच पाहिजेत असेही नाही. ‘राजवाडा’ म्हणजे राजाचा वाडा. समास आहे, पण दोन शब्दांच्या सांध्यावर कोणताही आवाज बदललेला नाही, म्हणून संधी नाही. उलट ‘घर + ई = घरी’ यात संधी आहे, घरातला शेवटचा अ लोपला आहे, पण ई हा प्रत्यय असल्याने समासाचा प्रश्नच येत नाही. अशी एक-दोन उदाहरणे दिलीत तर तपासणाऱ्याला लगेच कळते की तुम्हाला फरक समजला आहे.

संधीत सर्वांत जास्त घोळ विसर्गाचा होतो. ‘मनः + रथ = मनोरथ’ हे पाठ असते, म्हणून त्याच चालीवर ‘मनः + कामना = मनोकामना’ लिहिले जाते. बोलण्यात, वर्तमानपत्रात मनोकामना रूढ आहे हे खरे, पण संधीचे उदाहरण म्हणून तो शब्द देऊ नका. विसर्गाच्या आधी अ आणि पुढे र, ग, ध यांसारखे मृदू व्यंजन असेल तरच विसर्गाचा उ होतो आणि मागच्या अ-शी मिळून ओ होतो: मनोरथ, यशोधन. विसर्गाच्या आधी अ आणि पुढे क आला की विसर्ग सहसा जागचा हलत नाही: अंतःकरण, प्रातःकाल, आणि म्हणूनच मनःकामना. फोड लिहिताना विसर्गापुढचे अक्षर एकदा तपासले की ही चूक टळते.

समासात शब्द सुटा पाहून प्रकार ठरवू नका. ‘नीलकंठ’ कोणता समास, असे विचारले तर मी उलट विचारतो, वाक्य कोणते? ‘मोराचा नीलकंठ उन्हात चमकला’ इथे विग्रह ‘निळा असा कंठ’, म्हणून कर्मधारय. ‘नीलकंठाने विष प्राशन केले’ इथे विग्रह ‘निळा आहे कंठ ज्याचा असा तो (शंकर)’, म्हणून बहुव्रीही. कंठाबद्दल बोलणे चालले आहे की कंठ ज्याचा आहे त्याच्याबद्दल, हे पाहायचे. बहुव्रीहीच्या विग्रहात ‘ज्याचा, जिला, ज्याने… असा तो’ हे शेपूट राहून गेले की उत्तर कर्मधारयाचे होऊन बसते, आणि ही चूक हुशार मुलांकडूनही फार होते. द्वंद्वात मात्र फक्त जोडणारा शब्द पाहिला की काम भागते. ‘आई आणि वडील’ इतरेतर, ‘खरे किंवा खोटे’ वैकल्पिक, ‘केर, कचरा व इतर टाकाऊ वस्तू’ समाहार.

आता अलंकार. स्वतःची उदाहरणे चालतात. माझ्या मते तीच द्यावीत, कारण पाठ केलेल्या ओळीत उपमेय कोणते हे सांगता न येणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. एकच जोडी घ्या आणि ती फिरवत राहा. मी अक्षर आणि मोती घेतो. अक्षर हे उपमेय, मोती हे उपमान.

‘तिचे अक्षर मोत्यासारखे टपोरे आहे’ ही उपमा. साम्य ‘सारखे’ने दाखवले आणि ‘टपोरे’ हा दोघांचा समान गुण सांगितला. ‘तिचे अक्षर म्हणजे जणू मोतीच’ ही उत्प्रेक्षा, कारण जणू म्हणून कल्पना केली. ‘ही अक्षरे नव्हेत, मोतीच आहेत’ इथे उपमेय नाकारले, म्हणून अपन्हुती. ‘तिच्या अक्षरापुढे मोतीही फिके’ म्हणताच उपमेय वरचढ झाले, तो व्यतिरेक. ‘ही अक्षरे की मोती?’ इथे मन दोन्हींत हेलकावते, म्हणून ससंदेह. आणि ‘मोती समजून राजहंस तिच्या वहीवर चोच मारू लागला’ हा भ्रांतिमान. शेवटच्या दोन्हींत गोंधळ होतो; शंका नुसती मनात राहिली तर ससंदेह, चुकीची समजूत खरी मानून कृती घडली तर भ्रांतिमान.

रूपक मी मुद्दाम मागे ठेवले, कारण तिथे क्रियापद पाहावे लागते. ‘तिने पानभर अक्षरमोती ओवले.’ ओवणे मोत्यांनाच शोभते, अक्षरांना नाही. म्हणजे बोलणाऱ्याने अक्षरांना मोतीच मानले आहे, म्हणून रूपक. ‘तिचे अक्षरमोती मी दोनदा वाचले’ म्हटले तर वाचणे अक्षराला शोभते, आणि वाक्य उपमेकडे झुकते. वरच्या ज्ञानामृताच्या वाक्यातही ‘पाजले’ या क्रियापदानेच रूपक पक्के होते. रूपकाचे वाक्य तयार करताना क्रियापद उपमानाचे घ्या, मग उत्तरावर कोणी बोट ठेवणार नाही.

आणखी एक, ‘सारखा’ दिसला की उपमा लिहून मोकळे होऊ नका. ‘तो सारखा बोलतो’ यात सारखा म्हणजे सतत. ‘माझी वही तुझ्या वहीसारखी आहे’ यात तुलना आहे, पण वहीची वहीशीच, नुसती माहिती म्हणून. त्यात काही चमत्कृती नाही, त्यामुळे तो अलंकार नाही. उपमेय आणि उपमान वेगवेगळ्या जातीचे असू द्या. कार्यपत्रिकेत जागा असेल तर वाक्याखाली उपमेय आणि उपमान असे दोन शब्द लिहा, म्हणजे वाक्य तुमचे स्वतःचे असले तरी तपासणाऱ्याला अलंकार शोधत बसावे लागत नाही.