माल परत आला की कागद कोणाचा? दाजींचा आणि माझा वाद

प्रश्न: छोटा व्यापारी आहे, नुकताच जीएसटी नंबर घेतला. बिलावर नेमकं काय काय असायलाच हवं? आणि माल परत आला तर क्रेडिट नोट मी द्यायची, की गिऱ्हाईकाने पाठवलेली डेबिट नोट चालते?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि हातातला चहा बाजूला ठेवला. याच वाक्यावरून आमचे दाजी आणि मी सहा महिने एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होतो. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या पाइप आणि फिटिंगच्या दुकानाचे हिशेब तेच बघतात. माणूस देवमाणूस, पण ‘त्यांची डेबिट नोट आली म्हणजे आपली क्रेडिट नोट झालीच की’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

साफ उत्तर देतो: क्रेडिट नोट तुम्हीच द्यायची. विकणाऱ्याने. गिऱ्हाईकाची डेबिट नोट जीएसटीच्या हिशेबात चालत नाही.

आता आमचं काय झालं ते सांगतो. २४ मार्च २०२३ ला एका ठेकेदाराला १६० पाइप दिले, ४५० रुपये नगाने. माल ७२,००० चा, त्यावर १८ टक्के, म्हणजे सीजीएसटी ६,४८० आणि एसजीएसटी ६,४८०. बिल ८४,९६० चं. एप्रिलच्या मध्यावर त्यांचा टेम्पो आला, त्यात ४० पाइप परत. तोंडाशी तडे गेलेले. मी स्वतः बघितले, तक्रार खरी होती. टेम्पोवाल्याच्या हातात त्यांच्या ऑफिसची डेबिट नोट होती: माल १८,०००, कर ३,२४०, एकूण २१,२४०. दाजींनी ती फाइलला लावली, वहीत नोंद केली आणि विषय संपला. ठेकेदाराने पैसे देताना २१,२४० कापून घेतले. तेही रास्तच.

संपलं नव्हतं ते पोर्टलवर. मार्चच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, पूर्ण ७२,००० ची विक्री गेली होती आणि १२,९६० कर आम्ही भरला होता. परत आलेल्या मालाचा कर कमी व्हायचा तर आमच्या नावाची, आमच्या नंबरची क्रेडिट नोट पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये जायला हवी होती. ती कोणी बनवलीच नाही. ठेकेदाराची डेबिट नोट त्यांच्या वहीत होती, आमच्या फाइलीत होती, पोर्टलला तिचा पत्ताच नव्हता. खरेदीदाराला त्याच्या रिटर्नमध्ये असा कागद चढवून आमचा कर कमी करता येईल अशी जागाच नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी उधारीची यादी आणि भरलेला कर शेजारी ठेवून बसलो, तेव्हा हे ३,२४० सापडले. दाजी म्हणाले, ‘त्यात काय, आता काढू क्रेडिट नोट. माल एप्रिलमध्ये परत आला, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत मुदत आहे.’

इथेच गोम आहे. मुदत माल कधी परत आला यावरून मोजत नाहीत, विक्री कोणत्या वर्षातली यावरून मोजतात. ज्या आर्थिक वर्षात माल दिला ते संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर, किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, यातलं जे आधी येईल ते. आमची विक्री २०२२-२३ ची. म्हणजे ३० नोव्हेंबर २०२३. आम्ही अडीच-तीन महिने उशिरा होतो. मार्चअखेरच्या विक्रीत हा फास सगळ्यात लवकर बसतो, कारण माल परत येतो एप्रिल-मेमध्ये आणि माणूस समजतो की अजून दीड वर्ष आहे.

मुदत गेल्यावरही एक वाट असते, तीही सांगतो. कर न लावता नुसत्या १८,००० ची व्यापारी क्रेडिट नोट द्यायची. खरेदीदाराने पूर्ण १२,९६० चं इनपुट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेतलेलं असतं, ते त्याच्याकडेच राहतं, म्हणून त्याचंही नुकसान नाही आणि आपलंही नाही. पण आमच्या ठेकेदाराचा हिशेबनीस आमच्या दाजींपेक्षा चोख निघाला. त्याने डेबिट नोट काढली त्याच महिन्यात ३,२४० चं इनपुट स्वतःहून उलटवलं होतं आणि ते पैसे आमच्याकडून कापूनही घेतले होते. एवढ्या काळाने ते सगळं उलटं फिरवायला तो तयार होईना. मी त्याच्या जागी असतो तर मीही झालो नसतो. ३,२४० आमच्या खिशातून गेले.

आता बिलाचं. तुमचं नाव-पत्ता-जीएसटीआयएन, गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर त्याचंही तेच, तारीख, मालाचं वर्णन, नग किंवा वजन, किंमत, कराचा दर आणि रक्कम सीजीएसटी-एसजीएसटी वेगळी, सही. हे कुठल्याही छापील बिलबुकात असतं, त्यावर वेळ घालवत नाही. एचएसएन, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कोड, तुमची उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तर नोंदणीकृत गिऱ्हाईकाच्या बिलावर चार आकडी पुरतो, आमच्या पाइपचा 3917. बिनानोंदणीच्या गिऱ्हाईकाचं बिल पन्नास हजार किंवा वर गेलं की त्याचं नाव, पत्ता, माल पोचवायची जागा आणि राज्याचा कोड लिहावाच लागतो. माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर पुरवठ्याचं ठिकाण राज्याच्या नावासकट, आणि मग दोन कर नाहीत, एकच आयजीएसटी. सूट देणार असाल तर ती बिलावरच दाखवा, म्हणजे कर उरलेल्या किमतीवर लागतो. ‘नंतर बघू, वर्षअखेरीला देऊ’ असं म्हणून दिलेली सूट कर कमी करत नाही, जोवर तसा करार आधीच झालेला नसेल, ती कुठल्या बिलांची हे दाखवता येत नसेल किंवा घेणाऱ्याने तेवढं इनपुट सोडलेलं नसेल.

थोडं थांबायचं ते बिल नंबरवर, कारण तिथेही आम्ही आपटलो होतो. नंबर सलग हवा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि १६ अक्षरांपेक्षा लांब नको. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. दाजींनी मोठ्या हौसेने छापून आणलं होतं:

```
HW/2022-23/000147
```

मोजा. सतरा होतात. पोर्टल घेईना, तर दाजींनी रिटर्नमध्ये नुसतं 147 टाकायला सुरुवात केली. कागदावर एक नंबर, पोर्टलवर दुसरा. गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, ‘तुमचं बिल आमच्या टू-बीत दिसत नाही’. टू-बी म्हणजे पोर्टलवरची खरेदीदाराच्या इनपुटची यादी. बिल तिथे दिसत होतं, पण वेगळ्या नावाने, त्यामुळे जुळत नव्हतं. `HW/22-23/000147` केलं, पंधरा झाले, फोन बंद.

क्रेडिट नोटला हाच नियम लागतो. तिचा नंबर वेगळ्या मालिकेतला ठेवा, बिलांच्या मालिकेत घुसवू नका. वर ठळक ‘क्रेडिट नोट’ लिहा, दोघांचे नाव-पत्ता-जीएसटीआयएन, तारीख, मूळ बिलाचा नंबर आणि तारीख, मालाची किंमत, दर, कर, सही. आमची योग्य वेळी निघाली असती तर अशी दिसली असती: २४ मार्च २०२३ च्या बिलापोटी, पाइप ४० नग, किंमत १८,०००, सीजीएसटी १,६२०, एसजीएसटी १,६२०, एकूण २१,२४०. एकाच गिऱ्हाईकाच्या त्या वर्षातल्या अनेक बिलांना मिळून एक नोटही चालते. पोर्टल मूळ बिलाचा नंबर मागत नाही म्हणून कागदावरूनही तो गाळू नका. दोन वर्षांनी कोणी विचारलं तर तोच एक धागा हातात असतो.

डेबिट नोटही विकणाऱ्याचीच असते, आणि हे ऐकून लोक जास्त दचकतात. बिलात किंमत किंवा कर कमी लागला असेल तर ती काढायची. आम्ही एकदा ५० कपलर ११० ऐवजी ७० च्या दराने बिलात घातले. नगामागे ४० चा फरक, म्हणजे २,००० आणि त्यावर ३६०. त्याची डेबिट नोट आम्ही काढली, २,३६० ची, आणि कर त्या महिन्यात भरला. इथे क्रेडिट नोटसारखी नोव्हेंबरची दोरी गळ्यात नाही. सरकारला जास्त पैसे द्यायला मुदत कशाला लागेल! मात्र मूळ बिलातच दर चुकून कर कमी भरला असेल तर व्याजाचा विचार करावा लागतो. खरेदीदाराला या डेबिट नोटचं इनपुट मिळतं आणि त्याची मुदत २०२१ पासून डेबिट नोटच्या वर्षावरून मोजतात, मूळ बिलाच्या नव्हे.

दाजींच्या बाजूने एक सांगायला हवं, नाहीतर ताई हे वाचेल आणि फोन करेल. हिशेबाच्या वहीत खरेदीदार मालपरतीची डेबिट नोट काढतो, हे बरोबरच आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे आणि टॅलीतही तशीच नोंद होते. त्या कागदाने खरेदीदार आपल्याला सांगतो की तुमच्या खात्याला एवढे नावे टाकले. तो निरोप आहे. जीएसटीतला दस्तऐवज आपण काढायचा असतो. दाजी वहीपुरते बरोबर होते, पोर्टलपुरते नव्हते, आणि ३,२४० पोर्टलने खाल्ले.

हे सगळं नेहमीच्या नोंदणीला लागू आहे. तुम्ही कंपोझिशन घेतलं असेल तर बिलावर कर लावायचाच नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं, मग वरचा कराचा हिशेब तुम्हाला लागू नाही. उलाढाल पाच कोटींवर असेल तर ई-इनव्हॉइस येतं, क्रेडिट नोटलाही येतं, पण तुम्ही नुकता नंबर घेतलाय म्हणता तेव्हा ते लांब आहे. आणि एक: हल्ली खरेदीदाराला आयएमएसवर, म्हणजे पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारायच्या-नाकारायच्या सोयीत, तुमची क्रेडिट नोट नाकारता येते. त्याने नाकारली की कमी झालेला कर तुमच्या पुढच्या थ्री-बीत, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये, परत येऊन बसतो. २०२५ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच लिहिलंय की त्याने इनपुट उलटवलं नसेल तर तुमचा कर कमी होणार नाही. तेव्हा नोट पाठवली की त्याच्या हिशेबनीसाला एक फोन करा.

आमच्याकडे आता गिऱ्हाईकाची डेबिट नोट आली की दाजी तिच्यावर लाल पेनाने आमच्या क्रेडिट नोटचा नंबर लिहितात आणि मगच फाइलला लावतात. नंबर नसलेली नोट फाइलीत दिसली तर मी काही बोलत नाही, ती फक्त त्यांच्या चष्म्याखाली ठेवतो.