क्लच प्लेटचा टॉर्क काढताना एकसमान दाब धरावा की एकसमान झीज?

प्रश्न: मी फोंड्याला मेकॅनिकल डिप्लोमा करतो. क्लच प्लेटच्या एका गणितात दोन्ही पद्धतींच्या उत्तरांत जेमतेम दीड टक्क्याचा फरक आला आणि दुसऱ्या गणितात तोच फरक पंचवीस टक्क्यांच्या वर गेला. प्लेटची मापे तीच होती. माझे कुठे चुकते? आणि प्रत्यक्षात कोणते गृहीतक धरायचे?

उत्तर:

तुमची दोन्ही उत्तरे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्या गणितात बहुधा प्लेटवरचा अक्षीय भार दिलेला असेल आणि दुसऱ्यात फेसिंगला सोसवणारा कमाल दाब दिलेला असेल. काय दिले आहे यावर या दोन गृहीतकांमधील अंतर ठरते, त्यामुळे गणित हाती घेतल्यावर आधी तेवढे पाहून घ्यावे.

एक प्लेट धरून हिशेब करू. बाहेरची त्रिज्या १०० मिमी, आतली ६५ मिमी, घर्षणगुणांक ०.३ आणि प्लेटच्या दोन्ही बाजूंना फेसिंग असल्याने घर्षणपृष्ठे दोन. स्प्रिंगचा भार ४००० न्यूटन आहे असे समजा. दोन्ही पद्धतींत टॉर्कचे सूत्र एकच आहे, फक्त त्यातली परिणामी त्रिज्या R बदलते.

T = n μ W R

एकसमान दाब: R = (2/3) (ro³ − ri³) / (ro² − ri²)

एकसमान झीज: R = (ro + ri) / 2

पहिल्या सूत्राने R ८३.७ मिमी येते आणि दुसऱ्याने ८२.५ मिमी. टॉर्क अनुक्रमे २०१ आणि १९८ न्यूटन मीटर, म्हणजे फरक दीड टक्क्याचा. फेसिंगचे कडे अरुंद असते तेव्हा दाब आत वाटला काय आणि बाहेर वाटला काय, बळाच्या सरासरी त्रिज्येत फारसा फरक पडूच शकत नाही. घर्षणगुणांक ०.३ ऐवजी ०.२५ निघाला तर टॉर्क सुमारे सतरा टक्क्यांनी घटतो. त्यापुढे हा दीड टक्का नगण्य आहे.

आता भार काढून टाका आणि त्याऐवजी फेसिंगवर कुठेही ०.२५ न्यूटन प्रति चौरस मिमीपेक्षा जास्त दाब येता कामा नये, अशी अट घाला. एकसमान दाब धरला तर सगळे क्षेत्रफळ या मर्यादेपर्यंत वापरता येते, भार सुमारे ४५३६ न्यूटन आणि टॉर्क २२८ न्यूटन मीटर मिळतो. एकसमान झीज धरली तर मात्र p × r हा गुणाकार स्थिर असतो. म्हणजे दाब आतल्या कडेला सर्वाधिक असतो आणि बाहेर जाताना उतरत जातो, त्यामुळे मर्यादा गाठते ती फक्त आतली कड. भार W = 2π p ri (ro − ri) या सूत्राने ३५७४ न्यूटनच येतो आणि टॉर्क १७७ न्यूटन मीटर. परिणामी त्रिज्या जवळपास तीच राहिली, भार मात्र पाचव्या हिश्शाहून अधिक घटला. तुमचे पंचवीस टक्के येथून आले.

हेच उलट बाजूने तपासून पाहा, कारण माझ्या मते या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. ४००० न्यूटनचा भार असलेल्या आपल्या पहिल्या प्लेटवर सरासरी दाब ०.२२ येतो, म्हणजे ०.२५ च्या मर्यादेत ती सहज बसते. पण प्लेट झिजून बसल्यावर तिच्या आतल्या कडेचा दाब ०.२८ होतो आणि ती मर्यादा ओलांडते. एकसमान दाबाचे गृहीतक ज्या प्लेटला पास करते, तीच प्लेट एकसमान झिजेच्या गृहीतकाने नापास होते.

p × r स्थिर का राहतो, तेही समजून घ्या, म्हणजे सूत्र पाठ करावे लागणार नाही. झिजेचा वेग दाब आणि घसरण्याचा वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, आणि घसरण्याचा वेग त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. नव्या प्लेटवर दाब सगळीकडे सारखा आहे असे मानले, तर बाहेरची कड जास्त वेगाने घासते म्हणून आधी झिजते. ती खाली बसली की तिच्यावरचा दाब कमी होतो आणि भार आतल्या भागाकडे सरकतो. प्रेशर प्लेट ताठ आहे आणि फ्लायव्हीलला समांतरच पुढे सरकते, त्यामुळे शेवटी प्रत्येक त्रिज्येवर सारखीच झीज होईल अशी दाबाची वाटणी होऊन बसते.

डिचोली आणि साखळी भागातल्या खनिजवाहू टिप्परांच्या उतरवलेल्या प्लेटा मी अनेकदा तपासतो. त्यांच्या फेसिंगवर रिव्हेटांच्या दोन रांगा असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. व्हर्नियरच्या शेपटीने रिव्हेटच्या डोक्यापासून फेसिंगच्या पृष्ठभागापर्यंतची खोली दोन्ही रांगांत मोजावी. नव्या फेसिंगवर त्या दोन खोल्या सारख्या असतात. नीट चाललेल्या जुन्या प्लेटवरही त्या कमी झालेल्या, पण एकमेकींशी जवळपास सारख्याच सापडतात, आणि एकसमान झीज म्हणतात ती हीच. मात्र चोर्ला घाटासारख्या चढावर भरलेली गाडी वारंवार हाफ क्लचवर उचलली गेली असेल, तर आतल्या रांगेची खोली बाहेरच्यापेक्षा स्पष्ट कमी भरते, आतली कड काळी आणि काचेसारखी चकचकीत होते आणि प्रेशर प्लेटवरही त्याच जागी निळसर वलय दिसते. प्रेशर प्लेटचा घासणारा चेहरा तापून पाठीपेक्षा जास्त फुगतो, ती किंचित शंकूसारखी होते आणि आतल्या कडेवर टेकते. येथे दोन्ही गृहीतके अपुरी पडतात, कारण दोघांनीही प्लेट सपाट मानलेली आहे.

यातून रचनेसंबंधीही एक गोष्ट निघते. टॉर्क वाढवण्यासाठी आतले भोक लहान करून फेसिंग रुंद करावे, असे सहज वाटते. आपल्याच प्लेटची आतली त्रिज्या ३० मिमी करून ०.२५ च्या मर्यादेत हिशेब केला, तर एकसमान दाबाने टॉर्क ३०६ न्यूटन मीटरपर्यंत चढतो, पण एकसमान झिजेने तो १२९ वर उतरतो. क्षेत्रफळ वाढले तरी आतली कड इतकी लवकर मर्यादा गाठते की भारच कमी ठेवावा लागतो. झिजेच्या गृहीतकाने, दाबाची मर्यादा ठरलेली असता, सर्वाधिक टॉर्क ri = ro/√3 ला, म्हणजे येथे सुमारे ५८ मिमीला मिळतो आणि तो १८१ न्यूटन मीटर असतो. आपली ६५ मिमीची प्लेट त्यापासून फार दूर नाही.

म्हणून क्लचची रचना करताना मी एकसमान झीज धरतो आणि आतल्या कडेचा दाब वेगळा तपासतो. परीक्षेत प्लेट नवी आहे असे स्पष्ट लिहिले असेल किंवा दाब एकसमान माना असे सांगितले असेल, तरच पहिले सूत्र वापरा. काहीच सांगितले नसेल तर झिजेचे गृहीतक धरले आहे, असे उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहून पुढे जा. एक अपवाद लक्षात ठेवा: थ्रस्ट कॉलरसारख्या ठिकाणी घर्षणाने वाया जाणारी शक्ती काढायची असेल, तर तेथे घर्षण जास्त धरणे हीच सुरक्षित बाजू असते, आणि दिलेल्या भाराला जास्त घर्षण एकसमान दाबाच्या सूत्रानेच येते.